अभियांत्रिकी पदवीधरांसाठी कॅम्पस भरतीचे नियोजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षे पुण्यातील एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीसाठी मी कॅम्पस भरतीचे काम पाहते. हे काम नव्याने हाती आलेले मनुष्यबळ विभागातील सहकारी आणि महाविद्यालयांचे प्लेसमेंट अधिकारी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणांतील विद्यार्थिसंख्या आणि रकमा हिशेब समजावा म्हणून घेतल्या आहेत. तुमच्या कंपनीचे आकडे त्यांच्या जागी घालून तोच हिशेब करावा.

1. जुलैमध्ये मुले रुजू व्हायला हवी असतील, तर तयारी कधी सुरू करावी?

त्याच्या आदल्या वर्षीच्या मे किंवा जून महिन्यात. महाराष्ट्रातील बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत सातवे सत्र जुलै-ऑगस्टच्या सुमारास सुरू होते आणि नोव्हेंबर-डिसेंबरात सत्रान्त परीक्षा असते. त्यामुळे चाचणी आणि मुलाखती यांच्यासाठी खरा मोकळा काळ ऑगस्ट ते ऑक्टोबर एवढाच मिळतो, आणि त्यातही गणपती, दसरा, दिवाळी व अंतर्गत परीक्षा येतात. प्लेसमेंट अधिकाऱ्याला पहिले पत्र पाठवताना कामाचे स्वरूप, वेतन, कामाचे ठिकाण, रुजू होण्याचा महिना आणि अपेक्षित निवडसंख्या या पाच गोष्टी निश्चित असाव्यात. यांतली एकही गोष्ट पुढे बदलली, तर महाविद्यालयाने दिलेली तारीख मागे पडते, आणि एकदा मागे पडलेली तारीख सहसा दिवाळीनंतरच मिळते.

2. 40 जागा भरायच्या आहेत. किती विद्यार्थ्यांची चाचणी घ्यावी?

हा हिशेब शेवटाकडून सुरुवातीकडे करावा लागतो. बहुतेक जण उलट करतात. आधी शक्य तितक्या महाविद्यालयांत चाचणी घेतात आणि मग मुलाखतींचा ढीग कसा उपसायचा याची चिंता करतात.

समजा, मागील वर्षांच्या अनुभवानुसार ऑफर दिलेल्यांपैकी 75 टक्के विद्यार्थी प्रत्यक्ष रुजू होतात. मग 40 जणांसाठी 54 ऑफर द्याव्या लागतील. तांत्रिक मुलाखतीत तिघांतील एक जण निवडला जात असेल, तर 162 जणांच्या मुलाखती घ्याव्या लागतील. एका मुलाखतीला 45 मिनिटे आणि गुणपत्रक भरायला 10 मिनिटे धरली, तर दोन अभियंत्यांचे एक पॅनेल दिवसाला आठ मुलाखती नीट घेऊ शकते. नवव्या मुलाखतीपासून प्रश्न आखडतात आणि शेरे तुटक होतात. म्हणजे 21 पॅनेल-दिवस लागले. सात पॅनेलना तीन दिवस, अर्थात 14 अभियंते तीन दिवस आपल्या नेहमीच्या कामापासून दूर.

आता प्रकल्प प्रमुखांनी फक्त चार पॅनेल दिली असे धरू. तीन दिवसांत 96 मुलाखती, त्यांतून 32 निवडी आणि अखेरीस 24 जण रुजू. ही तूट चाचणीला आणखी हजार विद्यार्थी बसवून भरून निघत नाही. ती मुलाखतीचे दिवस वाढवून भरते, किंवा चाचणी इतकी नेमकी करून की मुलाखतीला येणाऱ्या दोघांतील एक जण निवडीयोग्य ठरेल. म्हणून पहिली बैठक महाविद्यालयांशी नव्हे, तर पॅनेल देणाऱ्या प्रकल्प प्रमुखांशी घ्यावी.

चाचणीला किती जण बसवायचे, हे त्यानंतर ठरते. मुलाखतीच्या जागांच्या तिप्पट ते चौपट विद्यार्थी असले, तर चाचणीतून निवडीला पुरेसा वाव राहतो. 162 मुलाखतींसाठी 500 ते 650 विद्यार्थी म्हणजे दोन-तीन मोठी महाविद्यालये पुरेशी होतात.

3. दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीत 60 टक्के ही अट ठेवावी का?

ही अट परंपरेने चालत आलेली आहे आणि ती कशासाठी आहे हे फारसे कोणी विचारत नाही. अर्जदारांची संख्या आटोक्यात ठेवणे एवढाच तिचा उपयोग असेल, तर ते काम चाचणी अधिक न्याय्य रीतीने करते. सोळाव्या वर्षी दहावीला 57 टक्के मिळालेला मुलगा बाविसाव्या वर्षी उत्तम प्रोग्रॅम लिहितो, हे मी मुलाखतीत अनेकदा पाहिले आहे. अट असती तर तो समोर आलाच नसता.

अट ठेवायचीच असेल, तर तिच्या शब्दरचनेकडे लक्ष द्यावे. महाराष्ट्रात दहावीनंतर पदविका करून थेट द्वितीय वर्षाला प्रवेश घेणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात आणि त्यांच्याकडे बारावीची गुणपत्रिका नसते. नोंदणी अर्जात बारावीचा रकाना सक्तीचा ठेवला, तर हे विद्यार्थी एक तर अर्ज भरूच शकत नाहीत किंवा त्यात शून्य लिहितात आणि संगणक त्यांना आपोआप वगळतो. रकान्याचे नाव ‘बारावी किंवा पदविका’ असे ठेवावे आणि यादी गाळून झाल्यावर वगळलेल्यांत पदविकाधारक किती आहेत, हे एकदा डोळ्यांखालून घालावे.

4. महाविद्यालये सीजीपीए देतात आणि आमची अट टक्क्यांत आहे. रूपांतर कसे करावे?

विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर किंवा परिपत्रकात जे सूत्र दिले असेल तेच वापरावे. सर्वांना एकच सूत्र लावू नये. काही ठिकाणी सीजीपीएला 7.1 ने गुणून 11 मिळवतात, तर काही ठिकाणी 0.75 वजा करून 10 ने गुणतात. 6.75 सीजीपीए असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या सूत्राने 58.9 टक्के मिळतात आणि दुसऱ्या सूत्राने 60. अट 60 टक्क्यांची असेल, तर सूत्राची निवड हीच त्याची निवड ठरते. एकाहून अधिक विद्यापीठांतून भरती करत असाल, तर टक्क्यांऐवजी प्रत्येक विद्यापीठासाठी सीजीपीएची वेगळी किमान मर्यादा जाहीर करणे सर्वांत स्वच्छ पडते.

5. एटीकेटी असलेल्या विद्यार्थ्यांना बसू द्यावे का?

येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पूर्वी विषय राहिला होता आणि नंतर सुटला, ही एक स्थिती. विषय आजही राहिलेला आहे, ही दुसरी. जाहिरातीत ‘बॅकलॉग नसावा’ एवढेच लिहिले, तर एक महाविद्यालय पहिल्या अर्थाने यादी करते, दुसरे दुसऱ्या अर्थाने, आणि चाचणीच्या दिवशी दोन महाविद्यालयांचे विद्यार्थी वेगवेगळ्या निकषांवर समोर बसतात. ‘नोंदणीच्या तारखेला एकही विषय राहिलेला नसावा, पूर्वी राहून सुटलेले विषय चालतील’ असे पूर्ण वाक्य लिहावे. पुनर्मूल्यांकनाचा निकाल यायचा असलेल्या विद्यार्थ्यांना तात्पुरते बसू द्यावे आणि ऑफरच्या आधी निकाल तपासावा. अंतिम निकालाबाबत प्रश्न 12 पाहावा.

6. चाचणीत काय असावे आणि कटऑफ किती ठेवावा?

सॉफ्टवेअरच्या कामासाठी 90 मिनिटांची चाचणी पुरते: 30 बहुपर्यायी प्रश्न आणि कोड लिहिण्याचे दोन प्रश्न, एक सोपा व एक मध्यम. सोपा प्रश्न असा असावा की ज्याला प्रोग्रॅमिंग खरोखर येते तो पंधरा मिनिटांत सोडवील. दोन्ही प्रश्न अवघड ठेवले, तर निम्म्या विद्यार्थ्यांना कोडमध्ये शून्य मिळते आणि बऱ्या विद्यार्थ्याला अगदीच कच्च्या विद्यार्थ्यापासून वेगळे करता येत नाही.

कटऑफचा आकडा आधी ठरवू नये. आधी ठरते ती मुलाखतीच्या जागांची संख्या. गुणांची यादी उतरत्या क्रमाने लावून त्या संख्येपाशी जी रेषा येते तोच कटऑफ. एक किमान मर्यादा मात्र असावी. चार पर्यायांच्या 30 प्रश्नांत डोळे मिटून उत्तरे दिली, तरी सरासरी साडेसात गुण मिळतात आणि असे करणाऱ्या शंभरांतील साधारण पाच जणांना निव्वळ नशिबाने 12 किंवा त्याहून अधिक मिळतात. त्यामुळे रेषा बारा गुणांच्या आसपास येऊ लागली, तर त्या ठिकाणी ज्ञान आणि नशीब वेगळे ओळखता येत नाही. अशा वेळी मुलाखतीच्या काही जागा रिकाम्या ठेवलेल्या बऱ्या.

रेषेवर समान गुणांचे विद्यार्थी हमखास येतात. पाच-सहाशे विद्यार्थी आणि मोजके संभाव्य गुण असताना एकाच गुणावर वीस-तीस जण असणे स्वाभाविक आहे. समान गुण असल्यास कोडचे गुण आधी पाहिले जातील, हा नियम चाचणीपूर्वीच लेखी द्यावा. नंतर केलेला नियम, तो कितीही योग्य असला, तरी कोणाला तरी घेण्यासाठी केल्यासारखा दिसतो.

चाचणी वापरण्यापूर्वी मागील वर्षी रुजू झालेल्या आठ-दहा सहकाऱ्यांकडून ती सोडवून घ्यावी. कामात चांगले ठरलेले लोक ज्या प्रश्नावर अडतात, तो प्रश्न बहुधा चुकीचा किंवा संदिग्ध असतो.

7. एकच उत्तर सी++ मध्ये स्वीकारले गेले आणि पायथनमध्ये वेळ संपली, अशी तक्रार येते. ती खरी असते का?

अनेकदा खरी असते. 5,000 संख्यांची प्रत्येक जोडी दोन फेऱ्यांनी तपासणारा प्रोग्रॅम सुमारे अडीच कोटी पायऱ्या चालतो. सी++ मध्ये तो एका सेकंदाच्या आत संपतो. पायथनमध्ये त्याच तर्काला काही सेकंद लागू शकतात. मर्यादा सर्व भाषांना एक सेकंद ठेवली, तर आपण तर्क न तपासता भाषेची निवड तपासत राहतो. ज्या भाषांना परवानगी आहे त्या प्रत्येक भाषेत आपल्याच अभियंत्याने अपेक्षित उत्तर लिहून चालवावे आणि लागलेल्या वेळेच्या तीन-चार पट मर्यादा त्या त्या भाषेला द्यावी. तक्रार निकालानंतर आली, तर मर्यादा सुधारून सर्वांचे जमा झालेले कोड पुन्हा चालवावेत. फक्त तक्रार करणाऱ्याचे नव्हे.

8. प्रयोगशाळेत 120 संगणक आणि विद्यार्थी 300. तीन सत्रांत चाचणी घेतली तर तुलना कशी करावी?

तिन्ही सत्रांना एकच प्रश्नसंच देता येत नाही, कारण पहिल्या सत्रातील प्रश्न दुसरे सत्र सुरू होण्याआधी वसतिगृहात पोहोचलेले असतात. संच वेगळे असले की काठिण्य थोडेफार बदलते. म्हणून प्रत्येक सत्रातील विद्यार्थ्याचे त्या सत्रातील स्थान, म्हणजे पर्सेंटाइल, काढून त्यावर यादी करावी.

ही पद्धत एकाच अटीवर योग्य ठरते: सत्रांत विद्यार्थी सरमिसळ वाटलेले असावेत. माझ्या पहिल्याच वर्षी सोयीसाठी आम्ही सकाळी संगणक शाखा आणि दुपारी यंत्र व स्थापत्य शाखा बसवली आणि वर पर्सेंटाइल लावले. संगणक शाखेतील जे विद्यार्थी आपल्या सत्रात मधल्या फळीत होते ते वगळले गेले, आणि त्यांच्याहून कमी कोड लिहिणारे दुपारच्या सत्रातून वर आले. ती चूक मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आली. तोपर्यंत यादी जाहीर झाली होती आणि वगळलेल्यांना परत बोलावता आले नाही. तेव्हापासून मी आसनक्रमांकाला तीनने भागून उरणाऱ्या बाकीवरून सत्र देते. विद्यार्थ्यांना ते विचित्र वाटते, पण वाटप निःपक्ष राहते.

9. चाचणी चालू असताना वीज किंवा इंटरनेट गेले तर?

दहा मिनिटांच्या आत सर्व पूर्ववत झाले आणि प्रणालीने उत्तरे जपली असतील, तर गेलेला वेळ वाढवून द्यावा. त्याहून अधिक खंड पडला, तर ते सत्र रद्द करून वेगळ्या संचाने पुन्हा घ्यावे. त्यासाठी एक राखीव प्रश्नसंच तयार ठेवावा. फक्त काही संगणकांवर अडचण आली असेल, तर त्या विद्यार्थ्यांची नावे आणि वेळा पर्यवेक्षकाने तेथेच लिहून घ्याव्यात. दुसऱ्या दिवशी आलेल्या अर्जांवरून कोणाचा संगणक खरोखर बंद पडला होता, हे ठरवणे अशक्य असते.

10. नक्कल कशी ओळखावी?

कोडमधील साम्य दाखवणारी प्रणाली संशय दाखवते, पुरावा देत नाही. सोप्या प्रश्नाचे उत्तर दोघांनी सारखेच लिहिणे शक्य असते. सर्वांत विश्वासार्ह तपासणी मुलाखतीत होते. पहिली दहा मिनिटे विद्यार्थ्याने चाचणीत लिहिलेला कोड त्याच्यापुढे ठेवावा, तो समजावून सांगायला लावावा आणि एक छोटा बदल करायला सांगावे: यादी रिकामी आली तर काय होईल, किंवा उतरत्या क्रमाने उत्तर हवे असेल तर कोठे बदल करशील? स्वतः लिहिणाऱ्याला थोडे अडखळूनही हे जमते. पाठ केलेला किंवा उचललेला कोड पहिल्याच बदलापाशी थांबतो.

11. एक पॅनेल निम्म्यांना निवडते, दुसरे कोणालाच नाही. काय करावे?

विद्यार्थी पॅनेलना यदृच्छेने वाटलेले असतील, तर असा फरक विद्यार्थ्यांचा नसून पॅनेलचा असतो. त्यावर उपाय मुलाखतींच्या आदल्या दिवशी करावा. सर्व पॅनेलना एकत्र बसवून एकाच सरावमुलाखतीला प्रत्येकाने स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि तफावतीवर बोलावे. गुणपत्रकात ‘चांगला’, ‘बरा’ असे शब्द ठेवू नयेत. ‘सूचना दिल्यावर चूक स्वतः शोधली’, ‘सूचना देऊनही शोधता आली नाही’ अशी निरीक्षणे ठेवावीत. पॅनेलमधील दोघांनी आपसांत बोलण्यापूर्वी गुण लिहावेत, नाही तर ज्येष्ठाचे मत दोघांचे होते. पहिल्या दिवशी दुपारी पॅनेलनिहाय निवडीचे प्रमाण पाहावे आणि फार कडक पॅनेलने नाकारलेल्यांपैकी सीमेवरील विद्यार्थ्यांची दुसऱ्या पॅनेलकडे पुन्हा मुलाखत घ्यावी.

12. ऑफर दिलेला विद्यार्थी शेवटच्या सत्रात अनुत्तीर्ण झाला किंवा निकालच लांबला तर?

या दोन्ही स्थिती ऑफर लेटरमध्ये वेगवेगळ्या लिहाव्यात. निकाल लांबणे ही विद्यार्थ्याची चूक नसते. त्याला तात्पुरते रुजू करून घ्यावे आणि गुणपत्रिकेसाठी ठरावीक मुदत द्यावी. एखादा विषय राहिला असेल, तर पुढील पुरवणी परीक्षेपर्यंत ऑफर राखून ठेवायची की रद्द करायची, हे आधीच ठरलेले असावे आणि सर्वांना सारखे लागू व्हावे. ‘कंपनीचा निर्णय अंतिम राहील’ एवढे वाक्य येथे पुरत नाही, कारण जुलैमध्ये तो निर्णय प्रत्येक प्रकल्प प्रमुख आपापल्या गरजेप्रमाणे घेऊ लागतो.

13. सर्व 54 ऑफर एकाच दिवशी द्याव्यात का?

रुजू होण्याच्या प्रमाणाचा अंदाज पक्का असेल, तरच. तो नसेल, तर पहिल्या टप्प्यात 44 ऑफर आणि दहा जणांची क्रमवार प्रतीक्षायादी असा मार्ग सुरक्षित पडतो. येथे महाविद्यालयांचा नियम आडवा येतो. बहुतेक ठिकाणी एका विद्यार्थ्याला एकच नोकरी, आणि बऱ्याच अधिक वेतनाच्या कंपनीसाठीच दुसरी संधी, असे धोरण असते. प्रतीक्षायादीतील विद्यार्थी ‘निवडला गेला’ असे महाविद्यालयाने धरले, तर त्याला पुढच्या कंपन्यांत बसता येत नाही आणि आपली ऑफर आली नाही, तर तो दोन्हीकडून सुटतो. म्हणून प्लेसमेंट अधिकाऱ्याला लेखी कळवावे की प्रतीक्षायादी ही निवड नाही, या विद्यार्थ्यांना इतरत्र बसू द्यावे, आणि अमुक तारखेनंतर ही यादी रद्द समजावी. विद्यार्थ्यालाही यादीतील त्याचा क्रमांक आणि ती तारीख सांगावी.

निवडयादी मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळी आणि ऑफर लेटर आठवड्याभरात द्यावे. त्यानंतर रुजू होईपर्यंत नऊ-दहा महिने जातात आणि गळती याच काळात होते. आठव्या सत्रात इंटर्नशिप देता आली, तर विद्यार्थी टिकण्याची शक्यता वाढते, शिवाय दोघांनाही एकमेकांची पारख होते. इंटर्नशिप शक्य नसेल, तर जानेवारी आणि एप्रिलमध्ये प्रत्येकाशी फोनवर बोलावे. उच्च शिक्षणाला जाणार का, हा प्रश्न थेट आणि न रागावता विचारला, तर विद्यार्थी खरे सांगतात आणि प्रतीक्षायादीतील पुढच्याला वेळेत कळवता येते.

14. वेतन सीटीसीमध्ये लिहावे की हातात येणारे?

दोन्ही लिहावेत. समजा, सीटीसी सहा लाख रुपये आहे. विद्यार्थी त्याला बाराने भागतो आणि घरी पन्नास हजार सांगतो. त्यात मूळ वेतन तीन लाख, कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा 36,000, उपदानाची तरतूद 14,430 आणि वर्षाअखेरीस मिळणारा बोनस 50,000 असेल, तर महिन्याचे वेतन सुमारे 41,600 उरते. त्यातून विद्यार्थ्याचा स्वतःचा निधीचा वाटा 3,000 आणि व्यवसाय कर 200 वजा झाला की हातात साधारण 38,400 येतात. बाहेरगावाहून पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या मुलासाठी साडेअकरा हजारांचा हा फरक मोठा असतो. ही वजाबाकी प्री-प्लेसमेंट टॉकमध्येच दाखवली, तर काही विद्यार्थी तेव्हाच बाहेर पडतात. जूनमध्ये बाहेर पडण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

15. दोन वर्षांचा बाँड घ्यावा का? मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेता येतील का?

मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेऊ नयेत. पडताळून त्याच दिवशी परत द्यावीत. बाँडच्या बाबतीत भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी भरपाईच मिळू शकते. 2025 मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी अट वैध ठरवली, म्हणून ‘आता कोणताही बाँड चालतो’ असे सांगितले जाते. ते प्रकरण सार्वजनिक क्षेत्रातील बँकेचे होते, जिथे प्रत्येक रिकामी जागा पुन्हा जाहीर भरती करूनच भरावी लागते, आणि न्यायालयाने हा मुद्दा विचारात घेतला होता. तीन आठवड्यांच्या अंतर्गत प्रशिक्षणावर दोन लाखांचा बाँड त्याच्या आधारे सहज टिकेल, असे धरू नये. बाँड असेल, तर तो नोंदणीपूर्वी जाहीर करावा. ऑफर लेटरच्या सातव्या पानावर तो प्रथमच दिसणे योग्य नाही.

16. दृष्टिबाधित किंवा लिहिण्यास अडचण असलेल्या विद्यार्थ्यासाठी काय करावे?

केंद्र सरकारच्या 2018 च्या लेखी परीक्षांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान 20 मिनिटे जादा वेळ सांगितला आहे. तोच आधार धरून 90 मिनिटांच्या चाचणीला 30 मिनिटे वाढवावीत. केवळ वेळ वाढवून भागत नाही. प्रश्नातील कोड चित्राच्या स्वरूपात दिलेला असेल, तर पडदा वाचणारे सॉफ्टवेअर तो वाचू शकत नाही, आणि विद्यार्थी खिडकी बदलतो म्हणून देखरेख करणारी प्रणाली त्याची चाचणी बंद करू शकते. नोंदणी अर्जातच गरज विचारावी आणि दोन दिवस आधी त्या विद्यार्थ्याला नमुना चाचणी त्याच संगणकावर देऊन पाहावी.

17. ऑफर दिल्यानंतर आमच्याकडचे कामच कमी झाले, तर?

2022 मध्ये उत्तीर्ण झालेल्या अनेक पदवीधरांना मोठ्या कंपन्यांच्या ऑफर हातात असूनही महिनोन्‌महिने रुजू होण्याची वाट पाहावी लागली. त्या काळात त्यांनी इतर संधी सोडलेल्या होत्या आणि महाविद्यालयाचे दरवाजे त्यांच्यासाठी बंद झाले होते. काम कमी झाल्याचे लक्षात येताच, निश्चित निर्णय झाला नसला तरी, महाविद्यालयाला आणि विद्यार्थ्यांना कळवावे. हे फेब्रुवारीत कळले, तर प्लेसमेंट अधिकारी त्यांना पुन्हा यादीत घेऊ शकतात. जूनमध्ये कळले, तर घेऊ शकत नाहीत. सर्वांना थोडे थोडे पुढे ढकलण्यापेक्षा जितके घेता येतील तितक्यांना ठरल्या तारखेला घ्यावे, उरलेल्यांना नवी निश्चित तारीख द्यावी, आणि तीही देता येत नसेल, तर ऑफर रद्द करून त्यांना एक ठरावीक रक्कम द्यावी. कोणाला आधी घ्यायचे याचा क्रम प्रश्न 6 मध्ये सांगितलेल्या चाचणीच्या गुणांवरून लावू नये, कारण ते गुण मुलाखतीला बोलावण्यापुरते होते. त्यासाठी प्रश्न 11 मधील मुलाखतीचे गुणपत्रक वापरावे, म्हणूनच ते जपून ठेवणे आवश्यक असते.